भाड्याच्या खोलीत टीव्हीच्या आणि दिव्याच्या वायरी झाकायच्या, भिंतीला हात न लावता

माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत मी टीव्हीच्या वायरी केसिंग पट्टीत, म्हणजे झाकण असलेल्या प्लास्टिकच्या पोकळ पट्टीत घातल्या आणि ती पट्टी फोमच्या, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने भिंतीवर लावली. काम छान झालं. वर्षभर पट्टी जागची हलली नाही. खोली सोडताना मी ती ओढून काढली आणि पट्टीच्या मागे रंग, रंगाच्या मागे पुट्टी असे तळहाताएवढे पाच पोपडे निघून आले. डिपॉझिटमधून त्या भिंतीच्या रंगाचे पैसे गेले. भिंत खरंच खराब झाली होती, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

पुण्यातल्याच दुसऱ्या खोलीत मी तेच काम वेगळ्या पद्धतीने केलं आणि सोडताना भिंतीवर एकही खूण राहिली नाही. टेप मी तीच वापरली होती. बदलली होती ती पट्टीची वाट. टेप रंगाला धरते, रंग पुट्टीला धरतो आणि पुट्टी प्लास्टरला. ओढल्यावर यातला सगळ्यात कच्चा जोड सुटतो आणि भाड्याच्या घरात तो बहुतेक वेळा रंगाखालीच असतो. म्हणून पट्टी होईल तितकी रंगावरून न नेता स्कर्टिंगची फरशी, दाराची चौकट, खिडकीची कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी अशा कडक, गुळगुळीत जागांवरून न्यायची. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

## १. मालकांना आधी विचारा, फोटो काढून ठेवा

लिव्ह अँड लायसन्सचा करारनामा काढून वाचा. बहुतेक करारांत खिळे ठोकणं, ड्रिल करणं किंवा बदल करणं यावर एखादं कलम असतं. चिकटवण्याबद्दल सहसा काही लिहिलेलं नसतं, आणि वाद नेमका तिथेच होतो. म्हणून एक साधा मेसेज पाठवा. मी पाठवलेला असा होता: "काका, टीव्हीच्या वायरी लोंबकळतात म्हणून स्कर्टिंगवर आणि चौकटीवर प्लास्टिकची पट्टी चिकटवतेय. खिळा, ड्रिल काही नाही. जाताना काढून जागा साफ करून देईन. चालेल ना?" काकांचं "चालेल" आलं आणि ते मी जपून ठेवलं.

काम सुरू करायच्या आधी हे चार कागद किंवा फोटो हाताशी हवेत:

- कराराची प्रत, दुरुस्ती आणि नुकसानीचं कलम खूण करून
- मालकांचा होकार लेखी स्वरूपात, मेसेज चालेल
- ज्या भिंतींवर काम करणार त्यांचे फोटो, लांबून आणि जवळून
- आधीपासून असलेल्या भोकांचे, ओलीचे आणि पोपड्यांचे वेगळे फोटो

शेवटचे फोटो सगळ्यात महत्त्वाचे. आधीच्या भाडेकरूने केलेलं भोक तुमच्या नावावर लागू नये.

## २. रंगाची परीक्षा घ्या

कितीही टाळलं तरी वीतभर पट्टी रंगावर येतेच. त्यामुळे रंग कसा आहे हे आधी कळायला हवं.

पहिली परीक्षा काळ्या कपड्याची. भिंतीवर काळा सुती कपडा दोन-चारदा घासा. पांढरी भुकटी आली तर तो चुना किंवा कोरडं डिस्टेंपर आहे आणि त्यावर कुठलीच टेप टिकणार नाही. आठ दिवसांत पट्टी खाली येईल आणि टेपच्या मागे भुकटीचा थर दिसेल. अशा भिंतीला हात लावू नका.

भुकटी आली नाही तर दुसरी परीक्षा. दाराच्या मागे किंवा कपाटाआड, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी बोटभर टेप चिकटवा, घट्ट दाबा आणि पूर्ण एक दिवस राहू द्या. नंतर हळूहळू ओढा. टेपच्या मागे रंगाचा पापुद्रा आला तर त्या खोलीत रंगावर टेप लावायची नाही. टेप स्वच्छ निघाली तर थोडक्या जागेपुरती चालेल. ही परीक्षा लगेच ओढून घेऊ नका, कारण टेपचा गोंद पहिल्या तासाभरात अर्धवटच धरतो. लगेच ओढली की भिंत पक्की वाटते, आणि सहा महिन्यांनी तीच टेप पोपडा घेऊन येते.

तिसरी परीक्षा बोटाच्या पेराची. भिंतीवर टकटक करा. कुठे ठक्क असा भरीव आवाज येईल, कुठे पोकळ. पोकळ आवाज येतो तिथे पुट्टी प्लास्टरपासून आधीच सुटलेली असते. बाहेरच्या बाजूची, पावसाचा मार खाणारी भिंत असेल तर खिडकीखाली हे हमखास सापडतं. उन्हाळ्यात ती कोरडी, ठणठणीत दिसते आणि जुलैत तिथेच फुगे येतात.

घर नुकतंच रंगवलेलं असेल तर निदान एक आठवडा थांबा. हाताला कोरडा लागलेला रंग आतून अजून पक्का झालेला नसतो.

## ३. रंग नसलेली वाट शोधा

आपल्याकडच्या घरांची मुख्य अडचण अशी की प्लगची जागा जमिनीजवळ नसून बटणांच्याच बोर्डवर असते, जमिनीपासून चार-सव्वाचार फुटांवर आणि बहुतेकदा दाराशेजारी. टीव्ही ठेवायचा तो समोर किंवा बाजूच्या भिंतीला. मग बोर्डवरून निघालेली वायर भिंतीच्या मधोमध झोळीसारखी लोंबते. सगळ्यांचा पहिला विचार असतो बोर्डच्या खाली सरळ रेषेत पट्टी लावण्याचा. ती चार फूट पट्टी पूर्णपणे रंगावर येते.

त्याऐवजी चौकटीकडे बघा. बोर्ड आणि दाराची चौकट यांच्यात सहसा वीतभरच अंतर असतं. चौकट लाकडी असो की ग्रॅनाइटची, तिच्यावर टेप चांगली धरते आणि लाकडावरचा ऑइलपेंट भिंतीच्या रंगापेक्षा कितीतरी चिवट असतो. ऑइलपेंट आधीच सुटत असेल तर मात्र चौकटही बाद. वायर बोर्डवरून आडवी चौकटीपर्यंत, चौकटीवरून खाली जमिनीपर्यंत आणि तिथून स्कर्टिंगवरून टीव्हीपर्यंत न्यायची. वाट दोन-तीन फुटांनी लांबते, पण रंगावर फक्त वीतभर भाग येतो.

चौकटीवर पट्टी लावताना ती खोलीकडच्या दर्शनी बाजूवर लावा. दार जिथे येऊन टेकतं त्या खाचेत लावलीत तर दार बसणार नाही, आणि दार आपटून आपटून आतली वायर चेपेल. चिकटवण्याआधी पट्टी नुसती हाताने धरून दार दोन-तीनदा उघडून-मिटून बघा. कडी आणि बोल्टही बघा.

वाटेत दुसरं दार आलं तर जमिनीवरून वायर ओलांडून नेऊ नका, पायपुसण्याखालूनही नाही. रोज पाय पडून वायरीच्या आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. बाहेरचं आवरण शाबूत दिसतं आणि आत ती जागा तापायला लागते. दार ओलांडायचं तर चौकटीला वळसा घालून वरून. त्याला सतरा-अठरा फूट लागतात. बहुतेक वेळा टीव्हीचीच जागा बदललेली बरी.

स्कर्टिंगवर पट्टी वरच्या कडेला लावा. खालचा इंच-दीड इंच पोछ्यासाठी मोकळा सोडा. पोछ्याचं पाणी पट्टीच्या खालच्या फटीत रोज शिरलं तर टेप सुटते, आणि आत विजेची वायर असते हे विसरून चालणार नाही.

## ४. माझ्या खोलीचा हिशोब

खोली दहा बाय बारा फुटांची. बारा फुटी भिंतीत दार, त्याच्या कडीच्या बाजूला बोर्ड, बोर्डच्या पलीकडे दीड फुटावर कोपरा. कोपऱ्यापासून दहा फुटी भिंत सुरू होते आणि तिच्या मध्यावर दोन फूट उंचीच्या टेबलावर टीव्ही. खिडकी त्याच्या पलीकडच्या भिंतीला. डिशची केबल आणि ब्रॉडबँडची फायबर दोन्ही खिडकीतून येतात.

विजेची वाट अशी मोजली: बोर्डपासून चौकट ७ इंच. चौकटीवरून खाली ४ फूट. तळाशी परत बोर्डच्या रेषेपर्यंत ७ इंच, तिथून कोपरा दीड फूट, कोपऱ्यापासून टेबलाच्या मागे ५ फूट. एकूण साधारण पावणेबारा फूट. केसिंग पट्टी दोन मीटरच्या, म्हणजे सुमारे साडेसहा फुटांच्या तुकड्यात मिळते. दोन तुकडे म्हणजे तेरा फूट, पुरेसे.

आता एक्स्टेंशनची लांबी. पावणेबारा फुटांत टेबलाची दोन फूट उंची मिळवा आणि एक फूट ढील. पावणेपंधरा फूट, म्हणजे साडेचार मीटर. तीन मीटरचं एक्स्टेंशन पुरत नाही, पाच मीटरचं लागतं. इथे सरळ रेषेचं अंतर मोजून वायर आणणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. सरळ रेषेने हे अंतर सात-आठ फूटच भरतं, पण पट्टीतून जाणारी वायर प्रत्येक कोपरा वळून जाते. मी सुतळी धरून पूर्ण वाट चालले आणि मग सुतळी मोजली. टेपमापापेक्षा ते सोपं गेलं.

खिडकीची बाजू: खिडकीच्या कडप्प्यापासून खाली स्कर्टिंगपर्यंत पावणेतीन फूट, तिथून कोपरा तीन फूट, कोपऱ्यापासून टेबल चार फूट. पावणेदहा फूट, पुन्हा दोन तुकडे. यातला पावणेतीन फुटांचा उभा भाग रंगावर येत होता आणि भिंत बाहेरची होती. तिथे मी पट्टी लावलीच नाही. पडद्याच्या कडेआड दोन्ही केबल सरळ सोडल्या आणि पट्टी स्कर्टिंगपासून सुरू केली. पडदा असेल तर त्याचा असा उपयोग करा.

या मांडणीचा एक फायदा आपोआप मिळाला. वीज एका बाजूने आली आणि सिग्नलच्या केबल दुसऱ्या बाजूने. विजेची वायर आणि डिशची, इंटरनेटची केबल एकाच पट्टीत कोंबू नये. उद्या केबलवाला त्याची केबल बदलायला पट्टी उघडेल, तेव्हा त्याच्या हातात चालू विजेची वायर येता कामा नये. दोन्ही एकाच बाजूने न्याव्या लागल्या तर दोन वेगळ्या पट्ट्या लावा, विजेची वर आणि दुसरी खाली.

## ५. काय आणायचं

इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात "केसिंग पट्टी" किंवा "केसिंग-कॅपिंग" मागा. पुण्यात बुधवार पेठेतल्या दुकानांत सगळी मापं एका जागी मिळतात. खालची बैठी पट्टी आणि वरचं दाबून बसणारं झाकण अशी ती जोडी असते.

- १ इंची केसिंग पट्टी विजेसाठी, पाऊण इंची सिग्नलसाठी
- आतल्या कोपऱ्याचे आणि आडव्या वळणाचे तयार तुकडे
- फोमची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, अर्धा इंच रुंद (फक्त फरशी आणि चौकटीसाठी)
- ओढून काढता येणाऱ्या चिकटपट्ट्यांची जोडी, चित्रं टांगायला मिळते तशी (रंगावरच्या थोड्या भागासाठी)
- बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड, पॉलिश पेपर, पेन्सिल
- सर्जिकल स्पिरिट आणि सुती कपडा
- पाच मीटरचं, तीन पिनचं, आयएसआय खूण असलेलं एक्स्टेंशन बोर्ड

पट्टीचं माप दुकानात बाहेरून सांगतात. १ इंची पट्टीच्या आत रुंदीला दोन सेंटिमीटरच्या आसपास जागा असते. डिशची जाड केबल सुमारे ७ मिलिमीटरची, एचडीएमआय आणि टीव्हीची गोल वायरही जवळपास तितकीच. म्हणजे तीन वायरी शेजारी शेजारी ठेवल्या की पट्टी ठासून भरली. झाकण मग बसल्यासारखं वाटतं आणि रात्रीतून टक् करून उघडतं. आतली निम्मी जागा रिकामी राहील असं माप घ्या. पट्टी रिकामी वाटली तरी चालेल, कारण वायरीला तापल्यावर हवा लागते. जमलं तर वापरायच्या वायरींचे फोटो न नेता वायरीच दुकानात न्या आणि पट्टीत ठेवून बघा.

## ६. वीज आणि उष्णता

४३ इंची टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि एक एलईडी दिवा मिळून दीडशे वॅटच्या आसपास जातात. घरातला छोटा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंतचा. तेव्हा एवढ्या भाराने पट्टीतली वायर तापत नाही. धोका येतो तो त्याच एक्स्टेंशनवर कुणीतरी इस्त्री, हीटर किंवा इंडक्शन लावलं की. झाकलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही आणि पट्टी आहे म्हणून ती कुणाला दिसतही नाही. मी बोर्डवर "फक्त टीव्ही" असं लिहून चिकटवलं होतं, कारण खोलीत आम्ही दोघी राहत होतो.

पट्टीच्या आत जोड द्यायचा नाही. वायर कमी पडली म्हणून मध्ये कापून, पिळून, इन्सुलेशन टेप गुंडाळून पट्टीत लपवणं सरळ आगीला बोलावणं आहे. पूर्ण लांबीची वायर आणा. ॲडॉप्टर, चार्जरचा ठोकळा, वायरीतलं बटण हेही पट्टीबाहेरच राहिलं पाहिजे.

उरलेल्या वायरीचं घट्ट वेटोळं करून तेही पट्टीत दाबू नका. ती टेबलामागे सैल नागमोडी ठेवा. माझी अर्धा मीटर उरली होती, ती टेबलाच्या मागच्या पायाला सैल बांधली.

बोर्डच्या प्लेटला पट्टी अगदी टेकवू नका. चार बोटं जागा सोडा म्हणजे इलेक्ट्रिशियनला प्लेटचे स्क्रू उघडता येतील आणि प्लग काढताना वायरीला ताण बसणार नाही. आणि बोर्ड उघडून आतून लाइन काढायचा विचार करू नका. ते मालकांच्या संमतीने इलेक्ट्रिशियननेच करायचं काम आहे. तसंच बोर्डच्या वर-खाली "एखादाच छोटा खिळा" मारण्याचाही मोह टाळा, भिंतीतली पाइप बहुतेक त्याच सरळ रेषेत गेलेली असते.

## ७. कापणं आणि चिकटवणं

आधी सगळी वाट न चिकटवता जमिनीवर मांडून बघा. कोपऱ्याचा तयार तुकडा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर चढतो, म्हणून पट्ट्या जवळजवळ कोपऱ्यापर्यंत न्याव्या लागतात. तयार तुकडा न मिळाल्यास दोन्ही टोकं तिरकी, ४५ अंशांत कापून जुळवा. घरांचे कोपरे पूर्ण काटकोनात क्वचितच असतात, त्यामुळे झाकण बैठ्या पट्टीपेक्षा दोन मिलिमीटर लांब कापा आणि मग पॉलिश पेपरने घासत बसवा. आखूड कापलेलं झाकण पुन्हा लांब होत नाही.

कापताना बैठी पट्टी आणि झाकण वेगळं करून कापा. एकत्र कापलं की ब्लेड अडकतं आणि कड फाटते. कापलेल्या कडा आतूनही घासा, प्लास्टिकचा धारदार दात वायरीचं आवरण खरवडतो.

आता स्कर्टिंग धुवायचं. फरशी दिसायला स्वच्छ असते, पण तिच्यावर रोजच्या फिनेलचा बारीक थर बसलेला असतो आणि टेप त्या थरालाच चिकटते. साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, मग स्पिरिटने पुसा आणि दहा मिनिटं थांबा. पावसाळ्यात फरशी दमट राहते, तेव्हा पंखा जमिनीकडे वळवून तासभर वाळवा. या एका पायरीत कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया जातं. दोन दिवसांत पट्टी उचकटली आणि टेप पट्टीला चिकटलेलीच राहिली असेल तर फरशी नीट साफ झाली नव्हती असं समजा. टेप फरशीवर राहिली आणि पट्टी सुटली तर पट्टीची पाठ पुसायची राहिली होती.

बैठ्या पट्टीच्या मागे सलग टेप लावायची गरज नाही. दर फुटाला तीन इंचांचा तुकडा आणि प्रत्येक टोकाला एक तुकडा पुरतो. काढताना याचा फार उपयोग होतो. दोन फरश्यांच्या सांध्यावर टेपचा तुकडा येऊ देऊ नका, तिथे फरश्या किंचित खाली-वर असतात आणि टेप अधांतरी राहते. प्रत्येक तुकडा अर्धा मिनिट अंगठ्याने दाबा. मग वायरी न घालता पट्टी तशीच एक दिवस सोडा. गोंद पूर्ण पक्का व्हायला तीन दिवस लागतात, तोवर तिथे पोछा मारू नका.

रंगावरच्या वीतभर तुकड्याला फोमची टेप नाही, ओढून काढायच्या पट्ट्या. त्या जोडीने येतात आणि एकमेकींत अडकतात. एक केसिंगच्या पाठीला, एक भिंतीला. ओढायचं शेपूट बाहेर, हाताला लागेल असं ठेवा. शेपूट पट्टीखाली दबलं तर पुढे ती ओढता येत नाही आणि मग खरवडावीच लागते.

वायरी घालताना उभ्या भागात त्या सारख्या बाहेर पडतात. दर फुटाला कागदी टेपचा बारीक तुकडा लावून धरून ठेवा आणि वरून खाली झाकण दाबत या. फायबरची केबल असेल तर कोपऱ्यात तिला काटकोनात मोडू नका. बांगडीच्या गोलाईपेक्षा लहान वळण नको. वळण फार आवळलं की राउटरवर एलओएसचा लाल दिवा लागतो किंवा वेग खाली येतो. तसं झालं तर त्या कोपऱ्यातलं झाकण काढून वायर सैल करा, बहुतेक वेळा दिवा लगेच जातो. डिशच्या केबलला घडी पडली तर कोरड्या दिवसांत काही कळत नाही, पण पाऊस आला की चित्राचे चौकोन व्हायला लागतात, कारण सिग्नल तेव्हा आधीच कमजोर झालेला असतो.

## ८. टीव्ही भिंतीवर असेल तर

नवीन ब्रॅकेट म्हणजे ड्रिल, ते इथे येत नाही. पण मालकांनी किंवा आधीच्या भाडेकरूने लावलेलं ब्रॅकेट पुष्कळ खोल्यांत असतं. तेव्हा टीव्हीपासून टेबलापर्यंतचा दीड-दोन फुटांचा उभा भाग अगदी डोळ्यांसमोर, रंगावर येतो.

इथे काहीही न चिकटवता काम होतं. टेबलाच्या वरच्या पातळीपासून टीव्हीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, त्यात तीन इंच मिळवा आणि तेवढी पट्टी कापा. पट्टीचं खालचं टोक टेबलाच्या मागच्या कडेवर उभं टेकवा आणि वरचे तीन इंच टीव्हीच्या मागे घालून ब्रॅकेटला केबल टायने बांधा. बांधण्यासाठी पट्टीच्या वरच्या टोकाला दोन छोटी भोकं पाडून ठेवा. टेबल भिंतीला सरकवलं की पट्टी भिंतीलगत सरळ उभी राहते. दोन फुटांपर्यंत हे नीट राहतं, त्याहून लांब पट्टी मध्ये वाकते आणि मग मधोमध एक ओढून काढायची पट्टी लावावी लागते.

यात एचडीएमआय आणि टीव्हीची विजेची वायर एकत्र येणारच, एवढ्या दोन फुटांत ते चालतं. दोन्हींची आवरणं शाबूत आहेत ना तेवढं बघा, आणि एचडीएमआयला टीव्हीच्या मागे ताण पडू देऊ नका. ताणामुळे टीव्हीचं पोर्ट ढिलं होतं आणि चित्र मधूनच जातं.

## ९. दिव्याची वायर

उशाशी ठेवायच्या दिव्याची वायर बारीक असते, तिला अर्धा इंची पट्टी भरपूर होते. पण बहुतेक वेळा पट्टीचीही गरज नसते. पलंगाची लाकडी चौकट हीच तिची वाट. पलंगाच्या मागच्या पायावरून, मग आतल्या कडेवरून, दर वीतभर अंतरावर एक चिकटणारी क्लिप. पलंग तुमचा स्वतःचा असेल तर मालकांचा प्रश्नच येत नाही.

पलंग भिंतीला सरकवताना प्लग चेपला जात नाही ना हे हाताने चाचपून बघा. माझ्या मैत्रिणीकडे पलंगाच्या दांड्याने प्लग तिरका झाला होता आणि पिनेजवळ प्लास्टिक पिवळं पडलं होतं. पिवळेपणा किंवा जळका वास हीच खूण. तो प्लग आणि ते सॉकेट दोन्ही वापरणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा.

गादीखालून किंवा सतरंजीखालून दिव्याची वायर नेऊ नका. वायरीवरचं बटण उशीजवळ हाताला येईल अशा जागी राहील अशी लांबी धरा, नाहीतर बटणासाठी झाकण रोज उघडावं लागतं.

## १०. खोली सोडताना

सामान हलवायच्या दिवशी हे काम ठेवू नका. दोन दिवस आधी करा, घाईत ओढलं की रंग जातो.

सगळे प्लग काढा, झाकण काढा, वायरी बाहेर घ्या. आता बैठी पट्टी हाताने ओढायची नाही. केसांचा ड्रायर असेल तर टेपच्या तुकड्यावर एक-दोन मिनिटं गरम हवा सोडा, गोंद मऊ होतो. मग मासे धरायचा तंगूस किंवा जाड नायलॉनचा दोरा पट्टीच्या मागे घालून करवतीसारखा मागे-पुढे ओढत न्या. टेपचा फोम कापला जातो आणि पट्टी अलगद हातात येते. टेप दर फुटाला तुकड्यांत लावलेली असली की हे काम पंधरा-वीस मिनिटांत होतं, सलग असली तर अर्धा दिवस जातो.

फरशीवर उरलेला गोंद बोटाने वळून काढा. हट्टी असेल तर त्यावर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून साबणाने धुवा. भिंतीच्या रंगावर मात्र तेलाचा थेंबही लावू नका, तो डाग पुट्टीत उतरतो आणि वरून रंगवला तरी फुटून दिसतो.

रंगावरच्या पट्ट्या काढताना आधी केसिंग उचलून जोडी सोडवा. मग शेपूट धरून भिंतीला अगदी समांतर, सावकाश ओढत राहा. पट्टी वीतभर ताणली जाते आणि मग सुटते. स्वतःकडे, म्हणजे भिंतीपासून बाहेरच्या दिशेने ओढलीत तर रंग तिच्याबरोबर येईल. शेपूट तुटलं तर मागे तोच तंगूस फिरवा.

जागा कोरडी झाली की पहिल्या दिवशी काढले होते त्याच कोनातून फोटो घ्या आणि काकांना किल्ली देताना दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. निघालेल्या पट्ट्यांना लांबीप्रमाणे खुणा करून गुंडाळून ठेवा. माझ्या चार तुकड्यांपैकी तीन पुढच्या खोलीत जसेच्या तसे बसले, चौथ्याचं झाकण तेवढं नवं घ्यावं लागलं.